आत्याचा डुक्करछाप रुपया

दिवाळीनंतर आत्याकडे गेलो, तेव्हा तिच्या नातवाने मोबाइल माझ्या हातात दिला. देवघरातला चांदीचा एक रुपया विकायचं ठरत होतं आणि त्याने जाहिरात लिहून ठेवली होती. ती अशी: ‘अतिदुर्मिळ १९११ डुक्करछाप एरर नाणे! दिल्ली दरबार स्पेशल! शंभराहून अधिक वर्षे जुने, तरीही नव्यासारखे चकचकीत. शुद्ध चांदी. जुन्या जहागीरदार घराण्यातून. किंमत ५ लाख.’

गेली काही वर्षं मी ब्रिटिश काळातले रुपये जमवतो, त्यामुळे घरात कुणाच्या डब्यात एखादं नाणं निघालं की बोलावणं मला येतं. मी जाहिरात वाचली, मग रुपया पाहिला. रुपया खरा होता. जाहिरातीतलं ‘१९११’ हे एवढं खरं होतं. बाकी जवळजवळ प्रत्येक शब्द पुन्हा लिहावा लागणार होता आणि त्यात आमचे पुढचे दोन रविवार गेले.

आधी त्या डुकराची गोष्ट सांगतो. सातवा एडवर्ड वारला, पाचवा जॉर्ज गादीवर आला आणि १९११ साली त्याच्या चेहऱ्याचे रुपये कलकत्ता आणि मुंबई या दोन टांकसाळींत पाडले गेले. राजाच्या अंगावर झगा आहे, त्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ची साखळी आहे आणि साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. नक्षीकाराने त्याची सोंड आखूड ठेवली आणि पाय असे काढले की तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांच्या, विशेषतः मुस्लिम समाजाच्या ते लक्षात आलं, तक्रारी झाल्या आणि सरकारने नाणं आवरतं घेतलं. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी जेमतेम ७ लाख बाजारात गेले होते, बाकीचे वितळवले गेले. १९१२ पासून हत्तीला नीट लांब सोंड मिळाली.

गोष्ट चांगली आहे, आणि हे नाणं विकलं जातं ते या गोष्टीमुळेच. पण जाहिरातीतला ‘एरर’ हा शब्द तिथेच खोटा ठरतो. टांकसाळीत एखादं नाणं साच्यात सरकलं, दुहेरी उमटलं, चुकीच्या चकतीवर पडलं, तर ते एरर. इथे साचाच तसा होता. १९११ चा प्रत्येक रुपया डुकराचा आहे. ‘डुक्करछाप प्रकार’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, त्या साली साध्या हत्तीचेही रुपये निघाले असावेत आणि हा त्यातला वेगळा आहे. उलट, १९११ साल असूनही लांब सोंडेचा हत्ती दिसला, तर आनंद न मानता भिंग काढावं. कुणीतरी नंतरच्या सालातला आकडा कोरून बदललेला असण्याची शक्यता तिथे जास्त.

‘दिल्ली दरबार स्पेशल’ हे तर निव्वळ साल जुळलं म्हणून चिकटवलेलं होतं. दरबार १२ डिसेंबर १९११ ला भरला, त्या निमित्ताने पदकंही निघाली. पण हा रुपया रोजच्या व्यवहारासाठीचा होता. ही जोडाजोड बाजारात फार चालते. त्याहून धीट नमुना म्हणजे राम दरबार किंवा हनुमान काढलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली तांब्या-पितळेची नाणी. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. तरी ती दर जत्रेत मिळतात आणि फोनवर लाखांत विकायला निघतात.

मग आम्ही नाणं खरं आहे याची खात्री करायला बसलो. दिसायला बरोबर होतं, पण दिसण्यावर जाहिरात लिहायची नसते. या रुपयाचं ठरलेलं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, जवळपास एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग इतर धातू, बहुतेक तांबं. म्हणजे ‘शुद्ध चांदी’ हेही गेलं. आत्याचा रुपया भरला ११.५८ ग्रॅम. वापराने झिजलेल्या नाण्याला इतका फरक चालतो. मग वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, काटा शून्यावर आणला आणि रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात असा सोडला की तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. काट्याने १.१२ ग्रॅम दाखवले. नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. ११.५८ ला १.१२ ने भागलं की १०.३ च्या आसपास येतं आणि या मिश्रणाच्या चांदीची घनता तेवढीच असते. जर्मन सिल्व्हरची नक्कल असती, तर आकडा नऊच्याही खाली गेला असता. लोहचुंबक लावून पाहण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी बरी, कारण नकली नाण्यांतले बरेचसे धातू चुंबकाला चिकटतच नाहीत. मात्र तिचीही मर्यादा आहे. कुणी खऱ्याच चांदीत नवा साचा मारला असेल, तर पाणी ते सांगणार नाही. त्यासाठी खऱ्या नाण्याशेजारी ठेवून अक्षरांचे कोपरे भिंगातून पाहावे लागतात. ओतीव नकलेत ते गोलसर आणि साबणासारखे गुळगुळीत दिसतात, मधल्या सपाट भागावर बारीक खड्डे असतात.

नातवाने टांकसाळ ‘कलकत्ता’ लिहिली होती. त्याने माहिती नीट काढली होती. मुंबईच्या रुपयावर मागच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयावर काहीच नसतं. त्याला ठिपका दिसला नाही. मलाही दिसला नाही, पण दिसलं ते एवढंच की कमळाच्या खाचांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू घट्ट बसलं होतं. जिथे चिन्ह नसणं हीच खूण असते, तिथे ती जागा स्वच्छ दिसल्याशिवाय काही लिहू नये. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि नाणं रात्रभर त्यात ठेवलं. घासलं नाही, ब्रश लावला नाही. सकाळी पाणी लालसर झालं होतं आणि कमळाखाली ठिपका होता. आमचा रुपया मुंबईचा निघाला.

आता ‘नव्यासारखे चकचकीत’. जाहिरातीतला सगळ्यात महाग पडणारा शब्द हा.

नाण्याची प्रत ठरवताना दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात आणि लोक ते एकात कालवतात. नाणं वापरात किती झिजलं, हा पहिला. त्याला नंतर कुणी काय केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपल्याकडचे नाणेवाले इंग्रजी अद्याक्षरांत देतात. फाइन, व्हीएफ, एक्सएफ, एयू आणि वर यूएनसी, म्हणजे बाजारात न फिरलेलं. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये आपल्या देशाच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्था १९८० च्या दशकात निघाल्या, नाणं तपासून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून आकडा छापू लागल्या आणि ती मोजपट्टी जगभर गेली. त्यात व्हीएफ २० ते ३५, एक्सएफ ४० आणि ४५, एयू ५० ते ५८ आणि ६० च्या पुढे न फिरलेली नाणी.

झीज आधी उंचवट्यांना लागते. पाचव्या जॉर्जच्या रुपयात कान, भुवई, मिशीचा वरचा भाग, मुकुटाचा पट्टा आणि झग्यावरचा हा हत्ती पाहायचा. आत्याच्या रुपयावर मुकुटातले मणी वेगवेगळे दिसत होते, कानाची कड होती पण आतला घाट सपाट झाला होता, भुवई गेली होती. हत्तीची बाह्यरेषा पूर्ण होती, पाठीवरची नक्षी अर्धी. मी व्हीएफ म्हटलं. एखादा विक्रेता एक्सएफ म्हणाला असता, कारण विकणाऱ्याच्या डोळ्याला नाणं नेहमी एक पायरी वर दिसतं आणि विकत घेणाऱ्याला एक पायरी खाली. म्हणून जाहिरातीत नुसतं अक्षर न लिहिता ते का दिलं तेही लिहावं: कान सपाट, मुकुटाचे मणी सुटे. म्हणजे वाचणारा फोटोशी ताडून स्वतःचं मत बनवू शकतो.

दुसरा प्रश्न अवघड होता. रुपया खरोखर चकाकत होता. आत्या म्हणाली, ‘‘चकाकणारच रे, दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेनं घासतो आम्ही. सासूबाईंपासून चालत आलंय.’’

म्हणजे सत्तर-ऐंशी दिवाळ्या. मी तिला काही बोललो नाही. देवाचा रुपया ती घासणारच, तो संग्राहकासाठी ठेवलेला नव्हता. पण नातवाला दिव्याखाली नेऊन दाखवलं. टांकसाळीतून नवा निघालेला रुपया हातात तिरका करून फिरवला की प्रकाशाचे आरे गाडीच्या चाकासारखे त्याच्यावरून फिरतात. साच्याच्या दाबाने धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा मागे राहतात, त्यातून ती झळाळी येते. ती एकदाच मिळते आणि घासल्यावर परत येत नाही. आत्याचा रुपया फिरवला तर चमक जागची हलत नव्हती, ताटलीसारखी सगळीकडे सारखी होती. आणि तिरक्या उजेडात राजाच्या चेहऱ्यापुढच्या मोकळ्या भागात केसासारखे शेकडो ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसले. बोट फिरवल्यासारखे, राखेचे.

अशा नाण्याला सीलबंद डबीवाल्या संस्था आकडा देत नाहीत. ‘व्हीएफ डिटेल्स, क्लीन्ड’ असं छापतात. म्हणजे झीज व्हीएफइतकी, पण पृष्ठभाग घासलेला. किमतीत त्याने मोठा फरक पडतो, आणि म्हणूनच जाहिरातींत हा एक शब्द हमखास गाळला जातो. त्याऐवजी ‘चमकदार’, ‘मस्त लस्टर’ असं येतं. खरेदी करणाऱ्यांना माझा आग्रह असतो की काळपट, निळसर-करड्या रंगाची चांदी पाहून तोंड वाकडं करू नये. हवेतल्या गंधकाने सावकाश चढलेला तो थर, ज्याला नाणेवाले टोनिंग म्हणतात, पुष्कळदा खालचा मूळ पृष्ठभाग शाबूत असल्याचं सांगतो. आणि जाहिरातीसाठी फोटो काढताना नाणं चकाकवू नये. वरून एक फोटो आणि बाजूच्या उजेडात तिरका एक, एवढे पुरतात. तिरका फोटो टाकायला विक्रेता का-कू करत असेल, तर घेणाऱ्याने समजायचं ते समजावं.

‘जुन्या जहागीरदार घराण्यातून’ याचं मूळ आत्याच्या एका वाक्यात होतं. तिच्या आजेसासऱ्यांकडे कधीतरी गावची पाटिलकी होती असं घरात बोललं जातं. कागद काही नाही. नाण्याचा ठावठिकाणा, म्हणजे ते कुणाकडून कुणाकडे आलं, हे लिहिताना माझा साधा नियम आहे: पाहिलेलं, ऐकलेलं आणि कागदावर असलेलं यांची सरमिसळ करायची नाही. आत्याने लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे १९६७ पासून, हा रुपया देवघरात पाहिला आहे. तेवढं ती स्वतःच्या नावावर सांगू शकते. त्याआधीचं सासूबाईंचं सांगणं. पावती, जुन्या लिलावाची पुस्तिका, आधीच्या संग्राहकाची हाताने लिहिलेली पाकिटावरची नोंद यांपैकी काहीही नाही, आणि नाही हेही लिहायचं. आठवणीला आठवण म्हटलं की ती खरी राहते. तिला ‘घराण्याचा वारसा’ म्हटलं की खोट्याकडे सरकते.

ठावठिकाणा केवळ शोभेसाठी लागत नाही, त्यामागे कायदाही उभा आहे. नाणं शेतात, पायाखणताना किंवा पडक्या भिंतीत सापडलं असतं, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू झाला असता. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, परस्पर विकता येत नाही. ‘शेतात सापडलेलं अस्सल नाणं’ असं अभिमानाने लिहिणारे विक्रेते खरं तर स्वतःवरच कबुलीजबाब लिहीत असतात. दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलामौल्यवान वस्तूंचा. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं त्यात पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. हे आत्याच्या घरी लगेच उपयोगाला आलं. तिचा मुलगा न्यू जर्सीत असतो, तो व्हिडिओ कॉलवर म्हणत होता, ‘‘आई, पुढच्या वेळी येताना पर्समध्ये घेऊन ये, इकडे डॉलरमध्ये विकू.’’ १९११ चा रुपया पर्समध्ये घालून विमानात बसायचं नाही, हे त्याला समजावलं. जाहिरातीत एक ओळ वाढली: फक्त भारतात पाठवले जाईल.

उरले दोन शब्द, ‘अतिदुर्मिळ’ आणि ‘५ लाख’.

दुर्मिळ हा शब्द एकटा लिहिला की त्याला काही अर्थ राहत नाही. कशाच्या मानाने? किती उरलेत म्हणून? पाचव्या जॉर्जचाच १९१८ चा रुपया घ्या. महायुद्धामुळे चांदीची टंचाई झाली, लोक नोटा परत करून रुपये मागू लागले, अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानासाठी चांदी विकली आणि त्या एका साली दोन टांकसाळींतून मिळून ४० कोटींहून अधिक रुपये निघाले. त्याच्याशेजारी ७ लाख म्हणजे थोडेच. पण ७ लाख म्हणजे दहा-वीस नाहीत! शेल्डननेच दुर्मिळतेचीही पट्टी केली होती. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर जगात एक ते तीन नाणी माहीत असलेला प्रकार येतो. आपल्याकडच्या लिलावांच्या पुस्तिकांत आर, आरआर, आरआरआर अशी अक्षरं दिसतात, पण त्यामागे सगळ्यांनी मान्य केलेली मोजदाद नाही. एकाचा आरआर दुसऱ्याचा आर असतो.

आणि ७ लाख हा आकडाही बाजारात गेलेल्या नाण्यांचा आहे, उरलेल्यांचा नव्हे. त्यातले किती सोनाराच्या मुशीत गेले, किती आज देवघरांत आहेत, हे कुणी मोजलेलं नाही. एक गंमत अशी की ज्या नाण्याची गोष्ट होते ते लोक जपून ठेवतात. डुकराची कुजबुज झाली तशी बऱ्याच जणांनी रुपया बाजूला काढला असणार, असं मला वाटतं. मुंबईतल्या नाणेवाल्यांकडे हा रुपया मागितला तर तो मिळतो, निराश होऊन परतावं लागत नाही. न फिरलेला, न घासलेला मागितला तर मात्र शोध सुरू होतो. म्हणजे दुर्मिळ आहे ती प्रत, नाणं नव्हे. आणि आमच्याकडे ती प्रत नव्हती. खऱ्या अर्थाने दुर्मिळ रुपया पाहायचा तर सहाव्या जॉर्जचा १९३९ चा, मुंबई टांकसाळीचा. तो इतका कमी मिळतो की बाजारात दिसणाऱ्यांतले कितीतरी नकली असतात. नाण्याच्या मागणीचा अंदाज कधीकधी त्याच्या नकलांवरूनही येतो.

नातवाने मग डबीवाल्या संस्थांची यादी दाखवली. या प्रतीची इतकीच नाणी नोंदलेली आहेत, म्हणजे दुर्मिळच ना? तीही फसवी वाट आहे. त्या यादीत तपासायला पाठवलेली नाणीच मोजली जातात. आत्यासारखे लोक देवघरातला रुपया तपासायला पाठवत नाहीत. शेवटी आम्ही लिहिलं: ‘एका सालापुरता प्रकार, तुलनेने कमी संख्येने वितरित, या प्रतीत बाजारात उपलब्ध.’ नातू म्हणाला, ‘‘काका, ‘उपलब्ध’ लिहिल्यावर घेणार कोण?’’ मी म्हटलं, ज्याला नाणी कळतात तो. ज्याला कळत नाहीत त्याला विकून पुढच्या महिन्यात परत घ्यायला लागेल.

५ लाख कुठून आले, तर एका बातमीतून. ‘तुमच्या घरात हे नाणं आहे का? व्हाल लखपती’ या छापाच्या. अशा बातम्यांच्या आधाराने फसवणूक इतकी वाढली की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कसलंही कमिशन किंवा कर मागत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. तुमचं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा, असा फोन आला की तिथेच थांबावं.

किंमत शोधायची ती खालून वर. तळाला चांदीचा भाव. ११.५८ ग्रॅममध्ये शुद्ध चांदी साधारण १०.६ ग्रॅम. समजा चांदी किलोला एक लाख असेल, तर नाण्यात हजारभर रुपयांची चांदी आहे आणि भाव हलला की हा तळही हलतो. त्यावर जे मिळेल ते नाण्याचं. ते ठरवायला लोक विक्रीला लावलेल्या किमती पाहतात, त्या म्हणजे विक्रेत्यांच्या इच्छा. पाहायचे ते झालेले सौदे, लिलावांचे निकाल. तिथेही हातोडा पडलेली किंमत वेगळी आणि खरेदीदाराने कमिशन-कर धरून भरलेली वेगळी. आम्हाला या रुपयाचे पाच निकाल मिळाले. दोन सीलबंद, वरच्या प्रतीचे होते, ते बाजूला ठेवले. एक कलकत्त्याचा होता. उरलेले दोन आमच्यासारखे, आणि त्यांतल्याच एकावर ‘क्लीन्ड’ होतं. त्याच्या आसपास आम्ही किंमत लावली आणि लिहिलं की ती कोणत्या महिन्यातल्या निकालांवरून काढली. आकडा इथे देत नाही, अंक तुमच्या हाती येईपर्यंत तो शिळा झालेला असेल. लाखाच्या जवळपासही नव्हता, एवढं सांगतो. ‘गुंतवणूक’ हा शब्द तर नातवाच्या मनात पुन्हा येण्याआधीच मी हद्दपार केला.

जाहिरात अखेर अशी झाली:

‘ब्रिटिश हिंदुस्थान, पाचवा जॉर्ज, एक रुपया, १९११, मुंबई टांकसाळ (कमळाखाली ठिपका). झग्यावर आखूड सोंडेचा हत्ती, ज्यामुळे हा “डुक्करछाप” म्हणून ओळखला जातो. १९११ चे सर्व रुपये असेच आहेत. वजन ११.५८ ग्रॅम, पाण्यातल्या वजनावरून काढलेली घनता ९१७ चांदीशी जुळते. झीज व्हीएफ: मुकुटाचे मणी सुटे, कान सपाट. पूर्वी वारंवार घासलेले, बारीक ओरखडे तिरक्या फोटोत दिसतात. कोणत्याही संस्थेकडून प्रमाणित नाही. एका सालापुरता प्रकार, तुलनेने कमी संख्येने वितरित. या प्रतीत बाजारात उपलब्ध. विक्रेत्याच्या कुटुंबात १९६७ पासून, त्याआधीची माहिती कौटुंबिक आठवणीवर, कागदपत्र नाही. न पटल्यास सात दिवसांत परत. फक्त भारतात पाठवले जाईल.’

मला वाटलं, काही सुटलं नाही. तीन दिवसांनी नागपूरहून एका संग्राहकाचा फोन आला. त्यांनी हत्तीबद्दल विचारलं नाही, किमतीबद्दलही नाही. म्हणाले, ‘‘दोन्ही बाजू छान दाखवल्यात साहेब, पण काठाचा फोटो नाही.’’

खरंच नव्हता. नाण्याच्या काठाला उभ्या दातेरी रेषा असतात, त्या मी बोटाने चाचपल्या होत्या, डोळ्यांनी गोल फिरवून पाहिल्या नव्हत्या. भिंग घेऊन पाहिलं. राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर, काठावर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत रेषा बुजलेल्या होत्या आणि रंग किंचित वेगळा, पांढुरका. टाका. कधीतरी तिथे कडी डागली होती आणि कुणीतरी ती काढून जागा घासून सारखी केली होती. दागिन्यात ओवलेल्या नाण्याची ही ठरलेली खूण, आणि किंमत आणखी खाली आणणारी.

आत्याला विचारलं, तर ती आधी नाही म्हणाली. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक जुना फोटो घेऊन आली. तिच्या सासूबाईंच्या मांडीवर तिचे यजमान, वय वर्ष-दीड वर्ष. ते १९३८ चे, म्हणजे फोटो १९३९-४० च्या सुमाराचा. बाळाच्या गळ्यात काळ्या गोफात ओवलेला एक रुपया. ‘‘हा तो असेल का रे?’’ तिने विचारलं.

भिंगातून पाहिलं. मुकुटवाला, डावीकडे तोंड केलेला राजा ओळखू येत होता. हत्ती दिसण्याइतका फोटो स्पष्ट नव्हता आणि साल तर नाण्याच्या मागच्या बाजूला, बाळाच्या छातीला टेकलेलं. मुकुट घालून डावीकडे पाहणाऱ्या राजाचा रुपया १९११ चा असतो तसा १९१८ चाही असतो.

आम्ही जाहिरातीत तीन वाक्यं घातली आणि किंमत उतरवली. ‘काठावर वरच्या बाजूस कडीचा काढलेला टाका (फोटो जोडला आहे). कुटुंबाकडे १९४० च्या सुमारचे छायाचित्र आहे, त्यात कडी लावलेला एक रुपया दिसतो. तो हाच असल्याचे छायाचित्रावरून सांगता येत नाही.’

नागपूरकरांनी नाणं घेतलं. फोटोची प्रत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. आत्याने मूळ फोटो स्वतःकडे ठेवला, प्रत काढून पाकिटात घातली आणि पाकिटावर स्वतःच्या हाताने तारीख लिहिली.